टपालपेटीची किल्ली

कथा लिहायला लागलो तेव्हा संघर्ष म्हणजे भांडण, अशीच माझी समजूत होती. एका कथेत वडिलांच्या घराच्या कागदांवर बहिणीला भावाची सही हवी होती. ती मागायची, तो नाही म्हणायचा. चार पानं झाली, आवाज चढले, पण दोघं पहिल्या पानावर होती तिथेच राहिली. मधलं दीड पान काढलं तरी काही बिघडत नव्हतं.

मग संघर्ष म्हणजे नेमकं काय, हे मी नाटकाबद्दलच्या लिखाणात शोधू लागलो. भरताच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था येतात : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. फळाची इच्छा तिथे मुळाशीच आहे, पण तो आराखडा अख्ख्या नाटकाचा, एका प्रसंगाचा नाही. १८९४ मध्ये फ्रेंच समीक्षक ब्रुनतिएर यांनी सांगितलं, की ध्येयाकडे निघालेली इच्छाशक्ती अडथळ्यांशी झुंजते, तेच नाटक. इब्सेनचे अनुवादक विल्यम आर्चर यांना ते पटलं नाही. १९१२ मध्ये त्यांनी लिहिलं, की झुंज हवीच असं नाही, नाटकाचा प्राण पेचप्रसंगात असतो. मला आर्चर अधिक जवळचे वाटतात. पेच आवाजाने नाही, परिस्थिती बदलल्याने वाढतो.

हे मला उमगलं इब्सेनच्याच १८७९च्या 'अ डॉल्स हाउस'मध्ये. अनंत काणेकरांचं 'घरकुल' याच नाटकावरून बेतलेलं. नोराने कर्जासाठी वडिलांची खोटी सही केली आहे. ते उघड करणारं क्रोगस्टाडचं पत्र टपालपेटीत पडलंय आणि किल्ली नवऱ्याकडे, हेल्मरकडे आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो सहज पेटीकडे वळतो. इथे खलनायक नाहीच. रोजचं काम करणारा माणूसच तिची वाट अडवतो, आणि आपण अडवतोय हे त्याला ठाऊकही नाही.

नोरा पियानोवर तारांतेलाचे सूर छेडते, तो थांबतो. मग उद्याच्या नाचाची तालीम हवी म्हणून त्यालाच वाजवायला बसवते. नाच इतका बेभान होतो, की तिचे केस सुटतात. शेवटी ती उघड विनवते, की उद्यापर्यंत एकही पत्र उघडू नका. प्रत्येक वेळी उपाय बदलतो आणि आधीचा उपाय पुन्हा वापरण्याजोगा उरत नाही. तिला एक दिवस मिळतो. पण त्या विनवणीमुळेच पेटीत क्रोगस्टाडचं पत्र आहे, हे हेल्मरने ओळखलेलं असतं.

मी माझी चार पानं पुन्हा लिहायला घेतली. आता भाऊ नाही म्हणतच नाही. चहा पिता पिता तो मूळ कागद बघायला मागतो. कागद तिच्याच पिशवीत आहेत, पण त्यांत त्याचा वाटा लिहिलेला नाही. ते मावशीकडे आहेत, असं ती सांगून टाकते. तो लगेच चपला घालतो. मावशीचं घर दोन गल्ल्या सोडून आहे.