दरमहाची भेट थांबवताना

मुलुंडचा एक तरुण आणि बोरिवलीचे एक निवृत्त अभियंते महिन्यातून एका शनिवारी अंधेरीत भेटत. तो घाटकोपरला उतरून मेट्रोने यायचा, ते पश्चिम रेल्वेने. सॉफ्टवेअर तपासणीतून बाहेर पडून त्याला दुसऱ्या कामाकडे वळायचं होतं आणि हे सर वाट दाखवत होते. नोकरी बदलली, तो रुळला, तरी भेटी चालूच राहिल्या. पूर्वी तो प्रश्न लिहून आणायचा, आता नुसत्या बातम्या सांगायचा. सरही जुनेच किस्से पुन्हा सांगू लागले. भेट दोनदा पुढे ढकलली गेली आणि दोघांनाही थोडं हायसं वाटलं. भेटींचा उपयोग संपल्याची इतकी स्पष्ट खूण दुसरी नसेल.

अशा वेळी आपण बहुतेक जण म्हणतो, ‘सध्या काम फार आहे, नंतर कळवतो.’ बोलायला हे सोपं, पण समोरचा माणूस तो शनिवार राखून ठेवतो. शिवाय काम कमी झालं की भेटीचा विषय पुन्हा निघतोच. मला हे सौजन्य वाटत नाही.

कॅथी क्रॅम या अमेरिकन संशोधिकेने १९८३ साली अशा मार्गदर्शनाच्या नात्याचे चार टप्पे मांडले. जुळणं, बहरणं, वेगळं होणं आणि मग नव्या रूपात, बहुधा मैत्रीच्या, उरणं. म्हणजे तिसरा टप्पा नात्यातच धरलेला आहे. आपल्याकडे मात्र तो कृतघ्नपणा वाटतो, म्हणून जीभ रेटत नाही.

त्या तरुणाने पुढच्या भेटीच्या आठवडाभर आधी निरोप पाठवला. ‘सर, मुलाखतीआधी तुम्ही माझ्याकडून बायोडाटा पुन्हा लिहून घेतलात, तेव्हापासून मला माझं काम चार वाक्यांत सांगता येऊ लागलं. ज्यासाठी आपण भेटू लागलो, ते आता झालं आहे. येत्या शनिवारी भेटून दरमहाच्या भेटी थांबवाव्यात असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?’ यात नुसतं ‘खूप शिकलो’ नाही, नेमकं काय शिकलो ते आहे. खोटी सबब नाही. आणि निरोप आधी पोचल्यामुळे सरांना विचार करायला आठवडा मिळाला. उपयोग का संपला याची चिकित्सा त्याने केली नाही, हेही बरं. सरांनी विचारलं असतं तर बोलता आलं असतं.

शेवटच्या भेटीत सरांनीच सांगितलं की भेटी थांबवण्याचं महिनाभर त्यांच्याही मनात होतं. अर्थात पहिला शब्द ज्येष्ठाने काढला तर धाकट्याचं ओझं निम्मं होतं. पैसे देऊन घेतलेलं मार्गदर्शन असेल, तर निरोपाआधी करारातली सूचनेची मुदत आणि आगाऊ भरलेल्या सत्रांचं काय होणार ते पाहून घ्यावं. ती गोष्ट आभारांच्या वाक्यात मिसळू नये, स्वतंत्र विचारावी.