बी.कॉम.नंतर : सनद की पदव्युत्तर पदवी?

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला वित्तक्षेत्रात टिकाऊ काम हवे असेल, तर त्याच्यासमोर बहुधा दोन वाटा ठेवल्या जातात : सनदी लेखापाल होणे किंवा एम.कॉम. करणे. तुलना होते ती अवघड आणि सोपे, किंवा चार वर्षे आणि दोन वर्षे अशी. मला ही तुलना अपुरी वाटते. लेखाशास्त्र, परिव्यय, कर, लेखापरीक्षण हे विषय दोन्हीकडे आहेत. खरा फरक अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर कायदा तुम्हाला काय करू देतो यात आहे. 2013च्या कंपनी कायद्यानुसार कंपनीचा लेखापरीक्षक सनदी लेखापालच असावा लागतो. व्यापाऱ्याची वार्षिक उलाढाल एक कोटीच्या वर गेली की टॅक्स ऑडिट लागते. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा दहा कोटी आहे. त्या अहवालावरही सनदी लेखापालाचीच सही चालते. एम.कॉम. झालेल्या माणसाला विषय कितीही उत्तम येत असला, तरी ती सही करता येत नाही. कामाचे स्थैर्य ज्ञानाइतकेच या अधिकारातून येते, आणि म्हणून ज्याला ते हवे आहे त्याने आधी सीएची वाट धरावी, मात्र मर्यादा ठरवून, असे माझे मत आहे.

मर्यादा कशासाठी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, लातूरची एक मुलगी 2025च्या उन्हाळ्यात 58 टक्क्यांनी बी.कॉम. झाली. वाणिज्य पदवीधराला 55 टक्के असले की फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही. ती थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवू शकते. नोंदणीनंतर आठ महिन्यांचा अभ्यासकाळ लागतो. ऑगस्टपर्यंत नाव नोंदवले, तर परीक्षा मे 2026मध्ये आणि निकाल जुलैमध्ये. दोन्ही ग्रुप सुटले की मगच आर्टिकलशिप. 2023च्या नव्या योजनेत ती तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. ती 2028च्या जुलै-ऑगस्टमध्ये संपेल, मग अभ्यासाचे सहा महिने, फायनल मे 2029मध्ये आणि निकाल जुलैमध्ये. म्हणजे एकही परीक्षा न हुकता पदवीनंतर चार वर्षे. याच काळात तिची मैत्रीण दोन वर्षांत एम.कॉम. होऊन दोन वर्षे नोकरीही करून मोकळी होते. आर्टिकलशिपमध्ये मिळणारे विद्यावेतन मोठ्या शहरातल्या राहण्याजेवणाला पुरेलच असे नाही. हा खर्च खरा आहे आणि तो लपवून सल्ला देणे योग्य नाही.

धोका मात्र वर्षांपेक्षा उत्तीर्णतेच्या नियमात अधिक आहे. इंटरला दोन ग्रुप, प्रत्येकात तीन पेपर. प्रत्येक पेपरला किमान 40 आणि ग्रुपला एकूण 300पैकी 150 गुण हवेत. 45, 52 आणि 48 मिळाले तर कुठल्याच पेपरात नापास नाही, पण बेरीज 145 होते आणि ग्रुप राहतो. उलट 65, 39 आणि 70 मिळाले तर बेरीज 174 होते, तरीही एका गुणाने ग्रुप जातो. दोन्ही विद्यार्थी नापास, पण त्यांची स्थिती सारखी नाही. 60 किंवा अधिक गुणांच्या पेपराला पुढच्या तीन परीक्षांसाठी सूट मिळते. म्हणजे दुसऱ्याला एकच पेपर द्यायचा आहे, पहिल्याला तिन्ही. परीक्षा आता वर्षातून तीनदा होते. त्यामुळे चुकलेली संधी चार महिन्यांत परत येते. म्हणून माझी सूचना अशी : इंटरसाठी तीन परीक्षा, म्हणजे पहिल्या परीक्षेपासून साधारण एक वर्ष, आधीच ठरवून घ्यावे आणि दरवेळी गुणपत्रिका नीट वाचावी. बेरीज दीडशेच्या जवळ सरकत असेल किंवा सूट मिळत असेल तर थांबू नये. दोन प्रयत्नांनंतरही अनेक पेपरांत गुण विशी-तिशीतच असतील, तर तो थांबण्याचा स्पष्ट इशारा आहे.

पहिला आक्षेप निकालाचा. फायनलचे दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांत मे 2024मध्ये सुमारे 20 टक्के आणि नोव्हेंबर 2024मध्ये सुमारे 13 टक्के उत्तीर्ण झाले. एवढ्या अरुंद दारातून जाण्याला स्थैर्य कसे म्हणायचे? पण ही टक्केवारी एका परीक्षेची आहे, एका विद्यार्थ्याच्या संपूर्ण प्रवासाची नाही. आज राहिलेले अनेकजण पुढच्या परीक्षेत सुटतात. शिवाय फायनलपर्यंत पोचलेल्याच्या गाठीला दोन वर्षांचे प्रत्यक्ष काम असते : विवरणपत्रे, जीएसटी, साठ्याची तपासणी, बँकेच्या शाखेचे लेखापरीक्षण. फायनल राहिली तरी हा अनुभव कंपन्यांच्या लेखाविभागात मोजला जातो. म्हणून माझ्या लेखी खरा उंबरठा इंटरचा आहे. तो ओलांडल्यावर हाती काहीच न उरण्याचा धोका बराच कमी होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कायद्याने दिलेला अधिकार कायदा काढूनही घेऊ शकतो. हे घडलेलेही आहे. 2021च्या वित्त कायद्याने जीएसटीचे सनदी किंवा परिव्यय लेखापालाकडून करायचे सक्तीचे ऑडिट रद्द झाले आणि त्या जागी व्यापाऱ्याचे स्वयंप्रमाणन आले. टॅक्स ऑडिटची मर्यादा रोकडविरहित व्यवहारांसाठी वाढली, तेव्हाही काही काम गेले. एकाच प्रकारच्या सहीवर आयुष्य काढायचे ठरवणाऱ्याने हा आक्षेप मनावर घ्यावा. पण कंपनीचे लेखापरीक्षण, कर सल्ला, प्रकल्प अहवाल आणि नोकरी असे अनेक रस्ते त्याच एका सनदेतून निघतात. एम.कॉम.ला गमावण्याजोगा असा अधिकारच नाही, एवढ्याने ती पदवी अधिक सुरक्षित ठरत नाही.

मग एम.कॉम. कोणासाठी? ज्याला शिकवायचे आहे त्याच्यासाठी, निःसंशय. एम.कॉम.नंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात अध्यापनाची पात्रता मिळते. पण 2021मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सीएला पदव्युत्तर पदवीच्या तोडीची मान्यता दिली आणि सीए झालेल्यालाही नेटची वाट मोकळी झाली. बँकेसाठी एम.कॉम. करतो म्हणणाऱ्यांनी जाहिरात नीट वाचावी : आयबीपीएस आणि स्टेट बँकेच्या पीओ परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी पुरते, आणि दोन वर्षे थांबण्यात वयोमर्यादेतली वर्षे जातात. घरी लगेच पगार हवा असेल, तर बँकेची तयारी करावी, एम.कॉम. नोकरीसोबत दूरशिक्षणाने होते. सहकारी संस्थांच्या हिशेबात रस असेल तर राज्याच्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा आहे, ती उत्तीर्ण होऊन आवश्यक अनुभव घेतला आणि शासनाच्या नामतालिकेत नाव आले, की त्या संस्थांच्या लेखापरीक्षणावर सही करता येते. तीही लहान का होईना, सनदच आहे.

माझा निष्कर्ष असा. चार वर्षे निभावण्याइतका घरचा आधार असेल, तर पदवीनंतर इंटरला तीन परीक्षांची संधी द्यावी. इंटर सुटले तर मागे वळू नये. नाही सुटले तर बँक, सहकार किंवा अध्यापन यांतले एक नेमके ध्येय निवडावे आणि एम.कॉम. त्या ध्येयाला लागत असेल तरच करावे. केवळ पुढे काय करायचे ते ठरत नाही म्हणून मात्र एम.कॉम.ला प्रवेश घेऊ नये.