खरी तारीख आणि नोंदलेली तारीख

तुमच्या घरात १ जूनला जन्मलेली किती माणसं आहेत, मोजून पाहा. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गुरुजींनी शाळाप्रवेशाच्या वेळी ही तारीख सढळ हाताने वाटली. माझ्या पत्नीलाही ती मिळाली. तिचा खरा जन्म १८ ऑगस्ट १९६९चा, श्रावणातला. पासपोर्टवर मात्र १ जून.

दोह्यातल्या अल मुंतझा भागात आम्ही राहतो. मागच्या वर्षी तिच्या गुडघ्यासाठी एका रुग्णालयाच्या पोर्टलवर नोंदणी करायला बसलो. विम्याचा सदस्य क्रमांक टाकला, नाव टाकलं, पासपोर्टवरची तारीख टाकली. उत्तर आलं, `Details do not match`. नावात माझं नाव घालून पाहिलं, काढून पाहिलं. काही प्रयत्नांनंतर खातंच बंद झालं.

चूक कुणाची होती? माझीच. कंपनीने कुटुंबाच्या विम्यासाठी यादी मागितली तेव्हा मी खरेपणाने १८ ऑगस्ट लिहिलं होतं. कतारचं ओळखपत्र पासपोर्टवरून बनलेलं. त्याच्या ११ अंकांतला पहिला शतक सांगतो, पुढचे दोन जन्मवर्ष, पुढचे तीन देश. तिचा क्रमांक म्हणून 269356ने सुरू होतो. वर्ष चुकलं असतं तर इथेच दिसलं असतं. दिवस आणि महिना मात्र त्यात नसतात, म्हणून ही विसंगती लपून राहिली.

आता प्रश्न असा, की खरी तारीख लिहिणारा मी चुकलो, तर खरेपणा म्हणजे काय? मला वाटतं, पोर्टल ‘तुम्ही कधी जन्मलात?’ असं विचारतच नाही. ‘आधी कागदावर काय लिहिलंय?’ एवढंच विचारतं. त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर १ जून हेच आहे. ते लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

आणि यंत्राचा हट्टही निरर्थक नाही. एका नावाच्या दोन बायकांच्या नोंदी एकत्र झाल्या, तर एकीची औषधाची ॲलर्जी दुसरीच्या नावावर जाईल. गंमत अशी, की सगळेच १ जूनचे असतील तर तारखेने माणूस वेगळा ओळखू येत नाही. म्हणून क्रमांक, नाव आणि तारीख तिन्ही जुळावी लागतात.

तुमच्यावर ही वेळ आली तर अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकू नका. पासपोर्ट, ओळखपत्र आणि विम्याची नोंद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पासपोर्टच्या तळाच्या ओळींत आडनाव आधी आणि बाकीचं नाव नंतर येतं, तेही बघा. मग जिथे वेगळं आहे तिथेच दुरुस्ती मागा. आमची दुरुस्ती रुग्णालयात नव्हे, कंपनीने विमा कंपनीला पाठवलेल्या यादीत झाली.

ती यादी सुधारली त्या दिवशी पत्नी म्हणाली, “म्हणजे आता माझा श्रावण गेलाच की!” गेला नाही. १८ ऑगस्टला घरी पुरण शिजतंच. फक्त ती तारीख आता कुठल्याही रकान्यात भरायची नाही.