दाखला मृत्यूचा, बटण हसरं

‘लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही चेहरा वाचता येतो,’ असं परवा एका व्यवस्थापन सल्लागारांनी व्यासपीठावरून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. सरकारी कार्यालयातल्या प्रत्येक खिडकीपाशी चार चेहऱ्यांचं यंत्र बसवा आणि जमलेल्या गुणांवरून कार्यालयांची क्रमवारी लावा, ही त्यांची सूचना. निरक्षरांचा कैवार घेतला की विरोध करणारा आपोआप उच्चभ्रू ठरतो. ठरू दे.

जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी घ्या. वडिलांच्या मृत्यूचा दाखला न्यायला मुलगी आली आहे. कारकुनाने कागद तपासले, नावातली चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली आणि थोड्या वेळात दाखला तिच्या हातात दिला. काम उत्तम झालं. आता तिने त्या खिदळणाऱ्या हिरव्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं? ती एक पायरी खालचा चेहरा दाबेल, किंवा काहीच न दाबता निघून जाईल. शेजारच्या खिडकीवर जन्माचा दाखला न्यायला आलेला बाप मात्र अर्धा दिवस ताटकळूनही हसरं बटण दाबेल. प्रश्न कामाचा होता, उत्तराचे पर्याय मनःस्थितीचे होते.

हा घोटाळा वैद्यकात केव्हाच उघडकीला आलेला आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. मुलांच्या वेदना मोजण्यासाठी १९८०च्या दशकात अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला अश्रू ढाळणारा. ती जगभर रुग्णालयांच्या भिंतींवर लागली. पुढे कॅनडातल्या क्रिस्टीन चेंबर्स आणि केनेथ क्रेग यांनी वेगवेगळ्या पट्ट्या ताडून पाहिल्या. हसऱ्या चेहऱ्यापासून सुरू होणारी पट्टी दिली की मुलं वेदना जास्त सांगत. निर्विकार चेहऱ्यापासून सुरू होणारी दिली की कमी. कारण समजण्यासारखं आहे. सुईला घाबरलेलं मूल दुखत नसलं तरी हसत नसतं. ‘अजिबात दुखत नाही’ म्हणायला त्याच्यापुढे एकच चेहरा असतो आणि तो हसत असतो. मग ते पुढच्या चेहऱ्यावर सरकतं. २००१ साली दुसऱ्या एका चेहरापट्टीची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात हसूही नाही आणि अश्रूही नाहीत. मुलाला समजावून सांगताना ‘आनंदी’, ‘दुःखी’ हे शब्द वापरू नयेत, अशी तिच्या सूचनांत ताकीदच आहे. वैद्यकाने तिथे विचारपूर्वक टाळलेलं हसू आमचे सल्लागार खिडकीवर पुन्हा रंगवू पाहतात.

शिवाय चेहरा सगळीकडे सारखा वाचला जातो, हेही गृहीतच आहे. मासाकी युकी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की भावना ओळखताना जपानी माणसं डोळ्यांना अधिक महत्त्व देतात आणि अमेरिकी माणसं तोंडाला. जपानी लोक टंकलिखित चिन्हांतून हसू काढतात तेही डोळ्यांनी: (^_^). अभिप्राययंत्रावरच्या चेहऱ्यांचे डोळे बहुधा दोन ठिपके असतात. बदलते ती फक्त तोंडाची रेघ. चीनमधले अनेक तरुण तर किंचित हसणारा 🙂 तुच्छतेने पाठवतात.

आता यंत्राची बाजूही घ्यायला हवी. २००९ साली फिनलंडमध्ये सुरू झालेल्या हॅपी ऑर नॉट या कंपनीने अशी चार बटणांची यंत्रं विमानतळांवर आणि दुकानांत पोचवली. त्यांत प्रत्येक वेळी बटण दाबल्याची वेळ नोंदली जाते. एखाद्या स्वच्छतागृहात दुपारनंतर लाल बटणं अचानक वाढली, तर सफाई कामगाराला लगेच पाठवता येतं. इथे चेहऱ्याचा नेमका अर्थ काय, याने फारसं बिघडत नाही. जागा तीच, येणारे साधारण तसेच. वाचनातला कल सकाळी होता तोच दुपारी असतो, म्हणून तुलनेतून तो वजा होतो. मृत्यूच्या खिडकीची तुलना तिच्याच गेल्या महिन्याशी केली, तर माझा पहिला आक्षेपही बराचसा विरघळतो. राग उरतो तो क्रमवारीवर.

पण ज्याला बटण दाबताच येत नाही, तो कुठल्याच तुलनेतून परत येत नाही. लाल-हिरवा रंग न ओळखता येणाऱ्या पुरुषाला रंगाची खूण निरुपयोगी. त्याच्या हाती उरते तोंडाची बाकदार रेघ, आणि अधू दृष्टीच्या माणसाला तीही दिसत नाही. रंग हा माहिती देण्याचा एकमेव मार्ग असू नये, असं जालस्थळांच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात ते यासाठीच. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये चित्राला पर्यायी मजकूर दिला नसेल, तर स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणतो. पर्यायी मजकुरात ‘किंचित हसणारा चेहरा’ असं लिहिलं, तरी अंध व्यक्तीला तो तिसरा आहे की चौथा हे कळत नाही. तिथे ‘समाधानी, चारपैकी तीन’ असंच लिहायला हवं.

सल्लागारांनी एक स्वस्त चाचणी करून पाहावी. चारही चेहरे रंगाविना कार्डांवर छापायचे, पिसायचे आणि रांगेतल्या लोकांना क्रमाने लावून प्रत्येकाचा अर्थ बोलून सांगायला लावायचं. मधल्या दोन कार्डांची अदलाबदल वारंवार झाली, तर ती पट्टी टाकून द्यायची. निरक्षरांची खरोखर काळजी असेल, तर यंत्राने मराठीत बोलून विचारावं: काम झालं का? पुन्हा यावं लागणार आहे का? पैसे मागितले का? हो किंवा नाही, उठावदार खुणांची दोन मोठी बटणं. अशा उत्तरांची सरासरी काढून सोहळ्यात ढाल देता येणार नाही, ही अडचण आहे खरी.