उत्तर न गेलेली मेल

पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या एका व्यवसायाकडे आठवड्याला ग्राहकांच्या 40 मेल येतात असं धरा. शनिवारी अहवाल निघतो, उत्तराला सरासरी दोन तास. मालक खूश होतो. पण ही सरासरी उत्तर गेलेल्या 37 मेलची आहे. उरलेल्या तीन मेलना उत्तरच गेलेलं नाही, त्यामुळे त्यांचा वेळ मोजायला आकडाच नाही. आता कुणी प्रामाणिकपणे त्यातल्या एका मेलला 40 तासांनी उत्तर दिलं, तर सरासरी दोनवरून तीन तासांवर जाते. म्हणजे जुनी मेल हातात घेणाऱ्याच्या नावावर वाईट आकडा लागतो आणि तिला हात न लावणारा सुटतो. मला ही गोष्ट फार अन्यायाची वाटते.

म्हणून मुदत सरासरीला नको, प्रत्येक मेलला हवी. आणि रोज पहिल्यांदा बघायचं ते उत्तराविना पडलेल्यांतली सर्वांत जुनी मेल कोणती, हे.

मुदत चार कामकाजी तासांची आणि कचेरी सोमवार ते शुक्रवार दहा ते सहा असेल, तर शुक्रवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी आलेल्या मेलचे एक तास वीस मिनिटं त्याच दिवशी संपतात. बाकीचे सोमवारी दुपारी बारा चाळीसला. इशारा मुदत संपल्यावर देऊन काय उपयोग? निम्मा वेळ गेला की, म्हणजे सोमवारी दहा चाळीसला, ज्याच्याकडे ती मेल आहे त्याला आठवण जावी. तीन तास भरले की, अकरा चाळीसला, टीमलीडला. त्याच्या हाती मेल दुसऱ्याकडे सोपवण्याचा अधिकार हवा. नुसती सगळ्यांना सीसी केलेली सूचना कुणाचीच होत नाही. मुदत उलटली तर मॅनेजरला.

हिशेबात मुदत पाळली गेली, तरी ग्राहकाने मात्र 68 तास वाट पाहिलेली असते. शेतातला पंप बंद पडला असेल तर कामकाजी तासांचा हिशेब त्याच्या काय कामाचा? अशा मेलचं घड्याळ रात्री आणि सुटीतही चालायला हवं, आणि ते चालवायचं तर सुटीच्या दिवशी उत्तर देणारा माणूस नेमावा लागतो. माणूस नसेल तर तसा वायदा करू नये.

आपोआप जाणारी ‘आपली मेल मिळाली’ ही पोच उत्तरात धरू नये. ग्राहकाला प्रश्न विचारला की घड्याळ थांबवणं रास्त आहे, त्याचं उत्तर आलं की ते आपोआप पुन्हा सुरू व्हावं. इथे पळवाट निघते. मुदतीला दहा मिनिटं उरली की ‘कृपया मॉडेल नंबर कळवा’ असं लिहून घड्याळ थांबवलं जातं, आणि मॉडेल नंबर पहिल्याच मेलमध्ये असतो. हे ओळखायला, शेवटच्या अर्ध्या तासात गेलेले प्रश्न वेगळे काढून वाचावेत.