ठरलेल्या सौद्यात बदल : हक्क कोणाचा, एहसान कोणाचा?



पावसाळा सरला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबरच घरबांधणीची कामेही निघतात. या दिवसांत एक प्रश्न मशिदीत वारंवार विचारला जातो. विटांचा सौदा पक्का झाला, विसारही दिला आणि त्यानंतर गिऱ्हाइकाला संख्या कमी करावी लागली किंवा माल दुसऱ्याच गावी उतरवून हवा झाला, तर शरीअत काय सांगते?

सौदा पक्का होतो तेव्हा तो ‘अक्द’, म्हणजे बंधनकारक करार होतो. ईमानवंतांनी आपले करार पूर्ण करावेत, असा कुरआनचा सूरह माइदाच्या आरंभीच आदेश आहे. सूरह निसामध्ये व्यापाराचा पाया परस्परांची राजीखुशी हा सांगितला आहे. या दोन आज्ञा एकत्र वाचल्या की मूळ नियम स्पष्ट होतो. बदल मागणे गैर नाही. मात्र तो मागणाऱ्याचा हक्क नसून त्याची विनंती असते. समोरचा राजी झाला तरच बदल होतो. भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम ६२ देखील करारातील बदल उभय पक्षांच्या संमतीवरच उभा करते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, किन्हवलीजवळच्या भट्टीवर भाजून तयार असलेल्या १०,००० विटांचा सौदा प्रत्येकी ८ रुपये दराने झाला. माल सरळगावला पोहोचवायचा, एका खेपेत २,५०० विटा आणि खेपेचे भाडे ३,००० रुपये असे ठरले. विटांचे ८०,००० आणि चार खेपांचे १२,००० मिळून एकूण ९२,००० रुपये झाले. त्यांपैकी २०,००० रुपये गिऱ्हाइकाने विसार म्हणून दिले. दोन खेपा उतरल्यावर तो म्हणाला, “आता एकच खेप पुरे, आणि तीही टोकावड्याला पाठवा.”

यातली पहिली विनंती २,५०० विटा कमी करण्याची आहे. फिक्हच्या भाषेत ही उरलेल्या मालाच्या एका भागापुरती ‘इकाला’ झाली, म्हणजे दोघांच्या संमतीने सौदा परत फिरवणे. जो विक्रेता अशा पश्चात्तापी गिऱ्हाइकाचा सौदा परत घेईल, त्याच्या चुका अल्लाह कयामतच्या दिवशी माफ करील, या आशयाची हदीस हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून अबू दाऊद आणि इब्न माजा यांनी नोंदवली आहे. हा मोबदला विक्रेत्याला मिळतो तो एवढ्यासाठीच की परत घेणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते. म्हणून त्याने नकार दिला तर गिऱ्हाइकाने त्याला जालीम ठरवू नये.

परंतु तो राजी झाला, तर इकाला मूळ किमतीवरच होतो. आपल्या कोकणी जमातींचा शाफिई मसलक आणि इमाम अबू हनीफा (र.) या बाबतीत एकाच निष्कर्षाला येतात. बाजार घसरून वीट ७ रुपयांना आली, म्हणून “परत घेतो, पण ७ रुपयांनीच” असे भट्टीवाल्याला म्हणता येत नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इकाला हा नवा सौदा नसून जुना सौदा मोडणे आहे, आणि मोडताना दिलेले तेवढेच परत येते. कमी दर लावला तर गिऱ्हाइकाने त्या विटा भट्टीवाल्याला नव्याने विकल्यासारखे होईल, त्या विटा तर अजून त्याच्या ताब्यात आलेल्याच नाहीत, आणि ताब्यात न आलेला माल विकण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे.

दुसरी विनंती पत्त्याची आहे. विटांची किंमत आणि वाहतुकीचे भाडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडे हा ‘इजारा’, म्हणजे मजुरीचा करार, आणि तो ठरलेल्या ठिकाणापुरता असतो. टोकावडे सरळगावच्या पुढे माळशेजच्या वाटेवर आहे. तेव्हा त्या खेपेचे भाडे नव्याने ठरवणे रास्त आहे. समजा, ते ४,२०० रुपये ठरले. मात्र पत्ता बदलला या सबबीवर विटेचा दर वाढवता येणार नाही. गाडी भरून सरळगावच्या वाटेला लागल्यावर बदल कळवला असेल, तर त्या फेऱ्याचा प्रत्यक्ष झालेला खर्च गिऱ्हाइकाने द्यावा. तो खर्च त्याच्यामुळे झालेला आहे.

आता हिशेब असा होईल. ७,५०० विटांचे ६०,००० रुपये, सरळगावच्या दोन खेपांचे ६,००० आणि टोकावड्याच्या खेपेचे ४,२००, असे एकूण ७०,२०० रुपये. विसाराचे २०,००० वजा जाता गिऱ्हाइकाने ५०,२०० रुपये द्यायचे.

विसार इथे पूर्ण वजा झाला, याकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे “सौदा फिरवला की विसार बुडाला” अशी रूढी आहे. हनफी, मालिकी आणि शाफिई या तिन्ही मसलकांच्या बहुसंख्य उलमांनी अशी जप्ती नाजायज मानली आहे, कारण ती कशाच्याही मोबदल्यात नसते. हंबली मसलकात तिला परवानगी आहे. विसार हा किमतीचा पहिला हप्ता आहे. बदलाला नकार देण्याचा विक्रेत्याचा अधिकार पूर्ण आहे; परंतु सौदा मोडण्यास राजी होऊन वर विसारही ठेवून घ्यायचा, हे आपल्या मसलकात बसत नाही.

याच्या उलट प्रसंगही येतो. गिऱ्हाइकाला आणखी २,५०० विटा हव्या आहेत आणि दरम्यान दर ९ रुपये झाला आहे. या जादा विटा हा नवा सौदा आहे. त्यांना ९ रुपये लावले तर त्यात अन्याय नाही. ८ रुपयांनी दिल्या तर तो विक्रेत्याचा एहसान होय. पण पहिल्या १०,००० विटा ८ रुपयांनीच राहतील. “बदल करायचा तर सगळा माल आजच्या दराने” अशी अट घालून आधीच बांधला गेलेला सौदा उकलता येत नाही. पुष्कळ भांडणे नेमकी येथून सुरू होतात.

भांडणांचे दुसरे मूळ म्हणजे बदल कोणाला सांगितला, हे. गाडीचा चालक किंवा भट्टीवरचा मजूर हा मालकाचा वकील नव्हे. त्याने मान डोलावली म्हणून मालक बांधला जात नाही. मोबाइलवर निरोप पाठवला आणि तो वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, याचा अर्थ निरोप पोहोचला एवढाच. कबुलीसाठी उत्तर यायला हवे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, आणि बाकी राहिलेले ५०,२०० रुपये ही उधारीच आहे. म्हणून बदल झाला की जुन्या पावतीवर खाडाखोड न करता नव्या कागदावर तारीख, कमी-जास्त झालेली संख्या, दर, उतरवण्याचे गाव, त्या खेपेचे भाडे, मिळालेली रक्कम आणि बाकी लिहावी व दोघांनी सह्या कराव्यात. सख्ख्या भावांत व्यवहार असला तरीही.

विकताना, घेताना आणि येणे मागताना जो नरमाईने वागतो त्याच्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या रहमतीची दुआ केली आहे. त्या दुआत विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघेही आहेत. अल्लाह तआला आपल्याला तिचे हकदार बनवो आणि आपल्या कमाईत कोणाचा हक्क अडकून राहू न देवो. आमीन.