सेवेचा सत्कार आणि सत्याची मर्यादा

वाचक माउली, कीर्तन थांबवून मला काही वर्षे झाली. तरी सत्काराचे भाषण करायला माणसे अजून बोलावतात. गेल्या वर्षी आमच्या दिंडीतल्या एका वृद्ध वारकऱ्याच्या सेवेला पन्नास वर्षे झाली. त्या वेळी जो प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला, तो तुमच्यापुढे ठेवतो.

या बाबांची सेवा पाण्याची. 1975 च्या आषाढीला ते प्रथम दिंडीबरोबर आळंदीहून निघाले, तेव्हा टँकर नव्हता. मुक्कामाच्या गावी विहीर शोधायची, घागरी खांद्यावरून आणायच्या आणि टाळकऱ्यांना पाजायचे. पुढे टँकर आला, पण तांब्या त्यांच्याच हाती राहिला.

मंडळींनी मला मजकूर लिहून दिला होता. त्यात होते, ‘सलग पन्नास पायी वाऱ्या, आणि पन्नास वर्षांत एकही वारकरी तहानलेला राहिला नाही.’ मी तो आदल्या संध्याकाळी बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “महाराज, अठ्ठेचाळीस म्हणा. 2020 आणि 2021 ला पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीने गेल्या. आणि एका वर्षी दिवे घाटाच्या निम्म्यात माझं पाणी संपलं होतं. एक म्हातारी मावशी पाणी मागत होती, माझी घागर रिकामी होती. ते मला अजून आठवतं.”

आता प्रश्न असा, की मग सेवा अखंड म्हणायची की नाही?

आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. पण एकच विणेकरी सात दिवस जागत नाही. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देतो, त्याच्या पाया पडतो आणि घरी जाऊन झोपतो. तरी आपण त्याला अखंडच म्हणतो, आणि ते खोटे नसते. अखंडपणा हा एकट्या माणसाच्या ताकदीचा हिशेब नव्हे. हाती घेतलेले काम खाली न टाकणे म्हणजे अखंडपणा. त्या दोन वर्षी बाबा रोज पहाटे गावातल्या विठ्ठल मंदिराबाहेरचा रांजण भरून ठेवत. वाटसरू किती आले हे त्यांनी मोजले नाही. वारी थांबली, पाणी थांबले नाही.

पहाऱ्याची गोष्ट मनात आली तेव्हा मजकुरातली दुसरी उणीव दिसली. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. तेच दिवस पेरणीचे. बाबा घागर उचलून निघाले, तेव्हा पाभर कोणी धरली? त्यांच्या पत्नीने, आणि पुढे धाकट्या भावाने. लिहून दिलेल्या मजकुरात त्यांचे नावच नव्हते. त्यांचा पहारा न सांगता बाबांचे कौतुक केले असते, तर ते कौतुक अर्धे खोटे ठरले असते.

म्हणून मी उभा राहिलो तेव्हा एवढेच बोललो: “माउली, अठ्ठेचाळीस वेळा हे बाबा आपल्याबरोबर चालले आणि दोन वर्षे गावात राहून त्यांनी रांजण भरला. एकदा दिवे घाटात यांचे पाणी संपले. पुढच्या वर्षापासून घाट चढण्याआधी ते एक घागर झाकून वेगळी ठेवू लागले, मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. ती पद्धत आज आपल्या दिंडीचा नियम आहे. यांच्यामागे घरची पेरणी काकूंनी आणि धाकट्या भावाने सांभाळली. शाल तिघांना मिळून आहे.” पाच मिनिटेही लागली नाहीत. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. बाबा मान खाली घालून बसले होते, पण अवघडलेले नव्हते.

लक्षात घ्या, भाषणात चुकीची घागर सांगितल्यामुळे बाबा लहान झाले नाहीत. उलट झाकलेल्या घागरीचा अर्थ तिच्यामुळेच कळला. ‘हे साक्षात संत’ असे मी म्हटले असते, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि घरी जाताना म्हटले असते, हे काही आपल्याला जमायचे नाही. झाकलेली घागर मात्र कोणालाही ठेवता येते.

वाढवून सांगितलेली स्तुती ऐकणाऱ्याला मोकळी सोडते, आणि ज्याची स्तुती झाली त्याला खोट्याचा भागीदार करते. ज्याने पन्नास वर्षे दुसऱ्याला स्वच्छ पाणी पाजले, त्याच्या ओंजळीत आपण गढूळ शब्द का घालावेत?

तुमच्यावर असा प्रसंग आला, तर मजकूर आधी त्या माणसाला वाचून दाखवा. तो जिथे ‘असं नका म्हणू’ म्हणेल, तिथे थांबून कारण विचारा. खरे भाषण बहुधा तिथेच सापडते.

रामकृष्ण हरी!